सहा तारखेची फी पुन्हा सहा तारखेला, आणि तरी एक महिना गायब

इंदूरला भंवरकुआंजवळ माझ्या मावसभावाची लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. पुण्यात जिला अभ्यासिका म्हणतात, ती. टेबल, खुर्ची, दिवा, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता, महिन्याला ९०० रुपये. खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूरकडची मुलं इथे खोली घेऊन राहतात, एमपीपीएससीची नाहीतर आणखी कुठल्या परीक्षेची तयारी करतात आणि दिवसातले दहा-बारा तास या हॉलमध्ये बसतात. हॉल चोवीस तास उघडा असतो. दादा हॉल सांभाळतो, मी घरबसल्या त्याचे हिशोब बघते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दादानं विचारलं, "अगं, साठच्या साठ सीटा भरलेल्या आहेत. महिन्याला ५४,००० यायला हवेत. येतात अठ्ठेचाळीस, कधी पन्नास. बाकीचे जातात कुठे?" विचारताना त्याची नजर काउंटरवरच्या मुलाकडे होती. तो मुलगा बिचारा पावती दिल्याशिवाय एक रुपया घेत नाही, हे मला माहीत होतं. पावत्यांची बेरीज आणि गल्ल्यातले पैसे दर महिन्याला जुळत होते. म्हणजे आलेल्या पैशातून काही जात नव्हतं, पैसे मुळात येतच कमी होते.

कोणाचीही फी बाकी दिसत नव्हती. रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे "पुढची तारीख" होती, आणि ती तारीख उलटून गेलेले फार तर तीन-चार जण. जिथे महिन्याची वर्गणी आहे, मग तो जिम असो, डबा असो की केबल, तिथे हे दुखणं असंच दिसतं. थकबाकी शून्य, गिऱ्हाईक तेवढीच, आणि पैसे दहा टक्के कमी.

मी एक सीट घेऊन बसले. सीट २३. मुलगा ६ जानेवारी २०२५ ला आला, तेव्हापासून एकदाही सीट सोडलेली नाही, आणि ६ ऑक्टोबरला त्यानं फी भरली आहे. जानेवारीत सहा, ऑक्टोबरात सहा. वरवर पाहिलं तर सगळं जागच्या जागी. पण त्याच्या पावत्या मोजल्या तर नऊच भरल्या. ६ जानेवारी ते ६ ऑक्टोबर, दोन्ही टोकं धरून, दहा पावत्या व्हायला हव्यात.

पावत्यांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा उलगडा झाला. फेब्रुवारीची फी ६ तारखेला द्यायची होती, त्यानं ८ ला दिली. काउंटरवर पावती फाडताना पुढची तारीख लिहिली ८ मार्च. मार्चमध्ये होळीला तो गावी गेला. त्याचं सामान टेबलावर तसंच होतं. रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक बघून २० मार्चला फी भरली, पुढची तारीख २० एप्रिल. मग २३ एप्रिलला भरली, पुढची २३ मे. भरली २७ मे ला, पुढची २७ जून. भरली १ जुलैला. मग २ ऑगस्ट, ५ सप्टेंबर आणि शेवटी ६ ऑक्टोबर. उशिराचे दिवस मोजले: २, १२, ३, ४, ४, १, ३, १. बेरीज ३०. बरोबर एक महिना हॉलमध्ये फुकट बसणं झालं, आणि मुलानं त्यात कसलीही लबाडी केलेली नव्हती. तारीख घड्याळाच्या काट्यासारखी पूर्ण फेरी मारून पुन्हा सहावर आली होती, त्यामुळे नुसत्या तारखेकडे बघणाऱ्याला काहीच कळणार नव्हतं.

दोष नियमातच होता. पुढची तारीख *पैसे दिल्याच्या* तारखेपासून मोजली जात होती, *देय* तारखेपासून नाही. एखादा मुलगा सरासरी तीन दिवस उशीर करत असेल तर वर्षात छत्तीस दिवस होतात. बाराऐवजी अकराच पावत्या. साठ सीटांपैकी बहुतेक सगळे थोडाथोडा उशीर करतात, म्हणून दर महिन्याला चार-सहा हजारांची तूट. ही तूट थकबाकी म्हणून कुठेच दिसत नाही, कारण पावती फाडताक्षणी जुनी देय तारीख विसरली जाते.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते पाहायची सोपी रीत म्हणजे तारखांकडे न बघता पावत्या मोजा. शीटमध्ये B स्तंभात प्रवेशाची तारीख आणि E स्तंभात आजवर मिळालेल्या महिन्यांच्या फीची संख्या असेल, तर हे सूत्र किती महिने निसटले ते सांगतं:

```
=DATEDIF(B2,TODAY(),"m")+1-E2
```

आगाऊ फी घेणाऱ्यांसाठी हे `+1` हवं, कारण पहिल्याच दिवशी पहिल्या महिन्याचे पैसे येतात. उत्तर शून्य आलं तर ठीक. १ आलं आणि देय तारीख नुकतीच उलटली असेल तर ती साधी थकबाकी. पण रजिस्टर "बाकी नाही" म्हणतंय आणि हे सूत्र १ किंवा २ दाखवतंय, तर तारीख सरकली आहे. सीट २३ साठी ६ ऑक्टोबरला उत्तर १ आलं. साठ जणांचं मिळून किती आलं हे दादाला सांगितल्यावर तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग काउंटरवरच्या मुलाला म्हणाला, "चाय पीएगा?"

हे सूत्र चालवण्याआधी एक गोष्ट तपासा, म्हणजे डोकं फिरणार नाही. शीटमधल्या तारखा खरोखर तारखा आहेत का? शीटची भाषा-प्रदेश अमेरिकेची असेल तर तुम्ही टाकलेली ०५/०६ म्हणजे ५ जून ही तिथे ६ मे होऊन बसते, आणि १७/०६ ला सतरावा महिना सापडत नाही म्हणून ती नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. बाकी तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे, असं दिसलं की समजा. आधी ते दुरुस्त करा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

आता दुसरा प्रकार. हा माझ्याच हातून झालेला. बुऱ्हाणपूरची एक मुलगी ३१ जानेवारीला आली होती. जुलैत तिनं विचारलं, "ताई, माझी तारीख ३१ होती ना? मग दर महिन्याला २८ ला मेसेज का येतो?" तिचा एकही दिवस उशीर नव्हता, उलट ती वेळेच्या आधी पैसे देणारी. काही मुलांच्या तारखा मी हातानं न लिहिता शीटवर सोपवल्या होत्या, आणि तिथे प्रत्येक महिन्याची देय तारीख मागच्या महिन्याच्या देय तारखेवरून काढली होती:

```
=EDATE(C2,1)
```

C2 मध्ये ३१ जानेवारी. सूत्र फेब्रुवारीत ३१ शोधतं, ती नसते, म्हणून महिन्याचा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारी देतं. इथवर बरोबर. पण पुढच्या खान्यातलं सूत्र २८ फेब्रुवारीवरून मोजतं, आणि त्याला ही तारीख मुळात ३१ होती हे ठाऊक नसतं. म्हणून २८ मार्च, २८ एप्रिल, २८ मे. फेब्रुवारीच्या अरुंद दारातून जाताना तीन दिवस खरवडले गेले, ते परत मिळत नाहीत. २९ आणि ३० तारखेला आलेल्यांचंही हेच होतं. ३१ वाल्यांना तर एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर या महिन्यांतही एकेक दिवसाचा फटका बसतो, मात्र एकदाच. तारीख एकदा खाली आली की तिथेच राहते.

ओळखायची खूण: तारीख एका झटक्यात मागे येते आणि मग वर्षभर तिथेच चिकटून बसते. तसंच, २९, ३० आणि ३१ ही देय तारीख असलेला एकही जुना सभासद तुमच्या यादीत उरलेला नसतो. आमच्या यादीत तसे चौघं आले होते, आणि चौघंही २८ वर साचले होते.

तिसरा प्रकार शीटच्या जुन्या पानावर सापडला. तिथे कोणीतरी सरळ `=C2+30` लिहून ठेवलं होतं. या रीतीनं ३१ जानेवारीची पुढची तारीख येते २ मार्च. फेब्रुवारीत देय तारीखच नाही! मग १ एप्रिल, १ मे, ३१ मे, ३० जून, ३० जुलै, २९ ऑगस्ट, २८ सप्टेंबर, २८ ऑक्टोबर, २७ नोव्हेंबर, २७ डिसेंबर आणि २६ जानेवारी. बारा वेळा तीस म्हणजे ३६०, म्हणून तारीख वर्षाला पाच दिवस मागे येते, आणि ती येते थोडी थोडी, ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यानंतर एक पायरी. यात लायब्ररीचं नुकसान नाही, मुलांचं आहे, आणि मुलांना ते कळतं.

"तीस दिवसांची मुदत" असं पाटीवर लिहून ठेवलं असेल तर यात चूक काही नाही. मोबाइलच्या रिचार्जनं लोकांना त्याची सवय आहे. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा मारावा लागतो हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्यावर तक्रारी झाल्या म्हणून दूरसंचार नियामक ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा ठेवावा, आणि एखाद्या महिन्यात ती तारीखच नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. म्हणजे "३० दिवस" आणि "एक महिना" या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे सरकारी कागदावरही आलेलं आहे. घोटाळा होतो तो पाटीवर "मासिक" लिहून आत तीस मिळवल्यावर.

तिन्ही दुखण्यांवर औषध एकच निघालं, आणि ते इतकं लहान आहे की मला थोडी लाजच वाटली. कुठलीही देय तारीख मागच्या तारखेवरून काढायची नाही. प्रवेशाची तारीख एकदा लिहायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. E मध्ये किती महिन्यांची फी मिळाली तेवढा आकडा ठेवायचा. पुढची देय तारीख नेहमी या दोघांवरूनच:

```
=EDATE($B2,E2)
```

३१ जानेवारीवाल्या मुलीसाठी E मध्ये १ असेल तर २८ फेब्रुवारी, २ असेल तर ३१ मार्च, ३ असेल तर ३० एप्रिल, ४ असेल तर ३१ मे. लहान महिन्यात तारीख आखडते आणि मोठ्या महिन्यात पुन्हा मूळ जागी जाते. सीट २३ च्या मुलानं ८ ला पैसे दिले काय, २० ला दिले काय, E एकानं वाढतो आणि देय तारीख ६ च राहते. पैसे कधी आले ती तारीख पावतीवर असतेच, तिचा पुढच्या तारखेशी संबंध उरत नाही. काउंटरवरच्या मुलालाही हे सोपं पडलं, कारण आता त्याला तारीख लिहायचीच नसते, आकडा एकानं वाढवायचा असतो.

एक अडचण मात्र खरी आहे. एखादा मुलगा दोन महिने गावी गेला, सामान नेलं, सीट आम्ही दुसऱ्याला दिली, आणि तो परत आला. त्याची देय तारीख जुनीच ठेवली तर त्याच्यावर न बसलेल्या महिन्यांची फी चढते. दादाचं म्हणणं, "असं कसं घेणार त्याच्याकडून?" बरोबरच आहे. पण त्यासाठी तारीख आपोआप सरकू देणं हा उपाय नव्हे. तो परत येईल तेव्हा त्याची नवी ओळ सुरू करायची, नवी प्रवेश तारीख, E पुन्हा शून्यापासून. तारीख सरकेल, पण कोणीतरी ठरवून सरकवली म्हणून. आमची रेघ सरळ आहे: सीट दुसऱ्याला दिली गेली तर नवी ओळ, टेबलावर तुमची बॅग पडून राहिली तर जुनीच.

जूनपासून आम्ही यूपीआय ऑटोपेही घेऊ लागलो. इथे दादानं हट्ट धरला की ऑटोपेवाल्यांची फी सगळ्यांची १ तारखेलाच कापायची, म्हणजे भाडं आणि विजेचं बिल भरायला पैसे एकदम हाती येतात. मागणी रास्त आहे, पण मग महिन्याच्या मध्ये आलेल्याचा पहिला महिना तुकड्याचा होतो, आणि त्या तुकड्याची फी दिवसांच्या हिशोबानं काढावी लागते. हिशोबाच्या ऑफिसात याला प्रो-राटा म्हणतात.

भागाकार सोपा वाटतो, पण भागायचं कशानं? दादानं तोंडी नियम केला होता, ९०० भागिले ३०, म्हणजे रोजचे ३० रुपये. १७ जुलैला आलेल्याचे १७ ते ३१ असे पंधरा दिवस, म्हणजे ४५० रुपये. ठीक दिसतं. आता हाच नियम १ जुलैला आलेल्याला लावा: एकतीस दिवस, ९३० रुपये. पूर्ण महिन्याची फी ९०० आणि तुकड्याची ९३०! १ फेब्रुवारीला आलेल्याला तोच नियम ८४० मागतो. म्हणून भागायचं ते त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांनी. १७ जुलैसाठी ९०० गुणिले १५ भागिले ३१, म्हणजे ४३५ रुपये ४८ पैसे, घेतले ४३५.

```
=ROUND(900*(EOMONTH(B2,0)-B2+1)/DAY(EOMONTH(B2,0)),0)
```

यातला `+1` सगळ्यात जास्त विसरला जातो. ३१ मधून १७ वजा केले की १४ उरतात, पण मुलगा १७ तारखेलाही बसलेला असतो. सूत्र बरोबर आहे का हे पाहायला मधली तारीख घेऊ नका, तिथे चूक लपते. दोन टोकं घ्या. १ तारखेला आलेल्याची फी पूर्ण ९०० यायला हवी, आणि शेवटच्या दिवशी आलेल्याची बरोबर एका दिवसाची. `+1` नसेल तर पहिला आकडा ८७१ येतो आणि दुसरा शून्य. दोन्ही टोकं जुळली की मधलं आपसूक जुळतं.

आकडे बरोबर आले तरी भांडण व्हायचं ते होतंच. २८ जुलैला एक मुलगा आला. चार दिवसांचे ११६ रुपये कापले, आणि लगेच १ ऑगस्टला ९००. दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर: "दीदी, चार दिन में हजार रुपए?" हिशोब चोख होता, पण त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते. आता शेवटच्या सात दिवसांत येणाऱ्याकडून तुकडा आणि पुढचा महिना प्रवेशाच्या वेळीच एकत्र घेतो, आणि पावतीवर दोन ओळी लिहितो: "२८ ते ३१ जुलै ११६, ऑगस्ट ९००, पुढची वजावट १ सप्टेंबर." हे शेवटचे तीन-चार शब्द लिहायला लागल्यापासून त्या तक्रारी बंद झाल्या.

एकत्र घेण्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना ग्राहकाला निदान २४ तास आधी जावी लागते. ३१ तारखेला संध्याकाळी मँडेट, म्हणजे आपोआप वजावटीची परवानगी, केलेल्याचे पैसे १ तारखेला सकाळी कापायला वेळच उरत नाही, ते २ ला जातात. आणि मँडेट करताना रक्कम "ठरावीक ९००" अशी ठेवली तर ४३५ ही कापता येत नाहीत आणि १,०१६ ही नाही. तिथे "जास्तीत जास्त" हा पर्याय घेऊन मर्यादा थोडी वर ठेवावी लागते. आम्ही २,००० ठेवतो आणि मुलांना आधीच सांगतो की ही मर्यादा आहे, फी नव्हे. नाहीतर मँडेटच्या पडद्यावर २,००० बघून मुलं मागे फिरतात.

खात्यात पैसे नसले तर वजावट १ ऐवजी ३ तारखेला, पुन्हा प्रयत्न केल्यावर होते. इथे जुनीच खोड नव्या वेषात येते. प्रणाली यशस्वी वजावटीच्या दिवसापासून पुढचा महिना मोजत असेल तर तारीख ३ वर जाऊन बसते. तुमच्या गेटवेत, म्हणजे हे पैसे कापून देणाऱ्या सेवेत, एक मँडेट मुद्दाम उशिरा फेडून पाहा, पुढची तारीख १ दाखवतो की ३.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तीस रुपयांनी खाल्ला. १ जुलैला आलेल्या एका मुलाला ९०० च्या आधी ३० रुपयांची वेगळी वजावट दिसली. "ये तीस रुपए किस बात के?" मला सांगता येईना. जूनचे दिवस ३०, म्हणजे ३० रुपये ही जूनच्या एका दिवसाची फी. पण तो तर जुलैत आला होता! शीटमध्ये त्याची प्रवेश तारीख ३० जून होती. मी ती हातानं दुरुस्त केली, चूक कुणाची तरी म्हणून सोडून दिलं. ऑगस्टमध्ये पुन्हा दोघांचं तसंच. मग मी गेटवेतून उतरवलेल्या फाइलमध्ये तारखेच्या शेजारची वेळ पाहिली. ३० जून, संध्याकाळी ७.१०. आणि तो मुलगा म्हणत होता, रात्री पाऊण वाजायच्या आत मी इथे बसून फॉर्म भरला.

फाइलमधली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होती, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. १ जुलैच्या रात्रीचे १२.४० म्हणजे तिथे ३० जूनचे संध्याकाळचे ७.१०. हॉल चोवीस तास चालू, मुलं जागतात रात्री, फॉर्मही रात्रीच भरतात. महिन्याच्या सीमेवर आलेल्याच्या माथी मागच्या महिन्याचा तुकडा बसत होता, म्हणून तो ओरडला. १८ तारखेला रात्री एक वाजता आलेल्याची तारीख १७ धरली जात होती आणि त्याच्याकडून एका दिवसाचे २९ रुपये जास्त जात होते, पण ४०६ ऐवजी ४३५ गेले हे कोणाच्या लक्षात येणार? खूण अशी की चुकलेले सगळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आलेले असतात. सकाळी सहानंतर आलेल्यांपैकी एकही चुकलेला सापडत नाही. तारीख वेगळी काढण्याआधी साडेपाच तास मिळवले की झालं:

```
=INT(A2+TIME(5,30,0))
```

क्रम महत्त्वाचा. आधी तारीख कापून मग साडेपाच तास मिळवले तर काहीच बदलत नाही, कारण वेळ तोवर गळून गेलेली असते. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. ज्यांच्याकडून एका दिवसाचे जास्त घेतले त्यांना पुढच्या महिन्यात तेवढे कमी लावले.

राहिली जुनी सरकलेल्या तारखांची गोष्ट. शीट दुरुस्त झाल्यावर दादाचा पहिला प्रश्न, "मग आता सीट २३ कडून एक महिना मागायचा?" माझं मत नाही, आणि मी ते ठामपणे सांगितलं. आपणच पावतीवर आपल्या हातानं २० एप्रिल लिहून दिलं होतं. लिहून दिलेल्या तारखा मागे जाऊन बदलल्या तर साठ जणांशी साठ भांडणं. म्हणून १ नोव्हेंबरला प्रत्येकाच्या शेवटच्या पावतीवर जी पुढची तारीख आहे ती मान्य केली. शेवटच्या पावतीच्या दिवसाला नवी मूळ तारीख धरली, E मध्ये १ टाकला आणि तिथून पुढे सूत्र लावलं. सीट २३ ची मूळ तारीख ६ ऑक्टोबर, देय ६ नोव्हेंबर. अपवाद २८ वर साचलेल्या चौघांचा. त्यांना त्यांच्या खऱ्या तारखा परत दिल्या, कारण तिथे दिवस आमच्याकडे आले होते, त्यांच्याकडे गेले नव्हते. जुनं पान पुसलं नाही, नुसतं कुलूप लावलं.

डिसेंबरची फी सीट २३ नं ९ तारखेला आणून दिली. पावतीवर पुढची तारीख ६ जानेवारी बघून तो काउंटरवर म्हणाला, "भैया, नौ को दिए हैं, तो नौ तक चलना चाहिए ना?" मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात काउंटरवरचा मुलगाच म्हणाला, "सीट तो छह से तुम्हारी ही थी. सात और आठ को कौन बैठा था?"

तो हसला आणि बॅग घेऊन आत गेला.